कार्बन सायकलची आकृती एका पानात: डबे, जोडीचे बाण आणि मार्क जातात त्या जागा

प्रश्न: मॅडम, टीवाय बीएससीला आहे, कार्बन सायकल लांब प्रश्नाला हमखास येतं. डबे आणि बाण पाठ आहेत पण प्रत्येक पुस्तकात आकडे वेगळे, आणि रेसिडेन्स टाइमचं गणित आलं की सगळा गोंधळ. आदल्या रात्री नुसती नजर टाकता येईल अशी आकृतीवाली शीट कशी बनवू?

उत्तर:

आधी आकड्यांचं मिटवून टाकू, कारण निम्मा गोंधळ तिथलाच आहे. पुस्तकात आकडे वेगळे दिसतात त्याची कारणं दोन. एक, वर्ष. हवेतला कार्बन दरवर्षी वाढतोय, त्यामुळे १९९० च्या दशकातल्या आकृतीत ७५० दिसेल आणि नव्या आकृतीत ८७०, दोन्ही आपापल्या काळाला बरोबरच. दुसरं, युनिट. कोणी गिगाटन कार्बन लिहितं, कोणी गिगाटन कार्बन डायऑक्साइड, आणि यांच्यात ४४ भागिले १२ म्हणजे ३.६७ चा फरक पडतो. इंधनाच्या बाणावर एका ठिकाणी ९.४ आणि दुसरीकडे ३४ दिसलं तर घाबरू नकोस, तीच गोष्ट आहे. पेटाग्रॅम लिहिलं असेल तर तो गिगाटनच. एकच संच धर आणि शेवटपर्यंत तोच वापर. मी इथे आयपीसीसीच्या सहाव्या अहवालातले, २०१० ते २०१९ या दशकाचे आकडे घेतेय, कारण ते एकमेकांशी नीट जुळतात आणि पेपरात बेरीज करून दाखवता येते. आकृतीच्या डोक्यावर लिहून टाक: सर्व आकडे गिगाटन कार्बनमध्ये, बाण दर वर्षाला, २०१०-२०१९. तपासणाऱ्याला या एका ओळीवरून कळतं की तुला साठा आणि प्रवाह यातला फरक माहितीये.

आता कागद आडवा धर. वर हवा, खाली डावीकडे जमीन, उजवीकडे समुद्र, मध्ये खाली इंधन. निसर्गाचं सगळं निळ्या पेनाने, माणसाने केलेलं लाल पेनाने. साधारण असं दिसेल:

```
        हवा ८७०  =  जुने ५९१ + नवे सुमारे २८०

 ↓१४२ ↑१३७      ↑९.४     ↑१.६        ↓८० ↑७८
 झाडं ४५०       इंधन    जंगलतोड      वरचा समुद्र ९००
 माती १७००              व शेती             ↕
 पर्माफ्रॉस्ट १२००                     खोल समुद्र ३७,०००

 जमीन → नदी → समुद्र  सुमारे ०.८
 ज्वालामुखी → हवा  सुमारे ०.१
```

पर्माफ्रॉस्ट मातीच्या डब्यात घालू नकोस, वेगळाच ठेव, कारण तो कार्बन गोठलेला आहे आणि वर्षाच्या देवाणघेवाणीत जवळपास नसतोच. इंधनाच्या डब्यात साठ्याचा आकडा मी मुद्दाम टाकला नाही, तो "किती काढता येईल" यावर ठरतो आणि प्रत्येक पुस्तक वेगळा देतं, तिथे फक्त बाहेर जाणारा बाण महत्त्वाचा. खडकांचा डबा पानाच्या अगदी तळाला काढ आणि त्यात आकडा न लिहिता "कोट्यवधी गिगाटन" एवढं लिही, चुनखडी आणि शेलमधला कार्बन धरला तर बाकी सगळे डबे मिळून त्याच्यापुढे किरकोळ आहेत.

हवेच्या डब्यावर पीपीएमची चावी लिहून ठेव: १ पीपीएम म्हणजे २.१२ गिगाटन कार्बन. औद्योगिक काळाच्या आधी हवेत २७८ पीपीएम होते, २७८ गुणिले २.१२ केलं की ५९० च्या आसपास येतं, आणि त्या दशकाच्या अखेरीला ४१० होते, त्याचे ८७० होतात. म्हणजे डब्यातले दोन्ही आकडे पाठ करायची गरजच नाही, चावी लक्षात असली की परीक्षेत काढता येतात.

आता बाण. इथेच सगळ्यात जास्त मार्क जातात. पेपरात मुलं जमिनीकडे एकच जाड बाण काढतात आणि वर "सिंक" लिहितात. तसं नको, बाण नेहमी जोडीने काढ. जमिनीकडे जाणारा १४२, म्हणजे सगळ्या झाडांचं मिळून वर्षाचं प्रकाशसंश्लेषण, आणि वर येणारा सुमारे १३७, ज्यात झाडांचं स्वतःचं श्वसन, मातीतल्या जिवाणू-बुरशीचं श्वसन आणि वणवे आले. खाली जाणाऱ्यातला साधारण निम्मा झाडं स्वतःच श्वसनात परत देऊन टाकतात, उरलेला तो नेट प्रायमरी प्रॉडक्शन, आणि तोही बहुतेक सगळा पालापाचोळा कुजून वर जातो. समुद्राचंही तेच, ८० च्या आसपास खाली आणि ७८ च्या आसपास वर. जोडीच्या बाणांमधला हा छोटा फरक म्हणजे सिंक. अख्ख्या आकृतीत समजून घ्यायची गोष्ट खरं तर ही एकच आहे: माणसाचे ९.४ हे १४२ पुढे छोटे दिसतात, पण १४२ ला परत येणारा जोडीदार आहे आणि ९.४ ला नाही. "निसर्ग तर आपल्या वीसपट कार्बन सोडतो, मग आपलं काय बिघडलं" असा प्रश्न तोंडी परीक्षेत विचारतात, त्याचं उत्तर या एका वाक्यात आहे.

आता कोणी चौकस परीक्षक विचारेल, १४२ वजा १३७ म्हणजे ५ झाले, मग पुस्तकात जमिनीचं सिंक ३.४ का? उरलेला कार्बन नद्या-तळ्यांत वाहून जातो, त्यातला काही पाण्यातूनच परत हवेत येतो, काही समुद्राला मिळतो. हे चक्र माणसाच्या आधीपासूनचं आहे म्हणून ते सिंकमध्ये मोजत नाहीत. समुद्राच्या बाजूला उलटी गोष्ट, नदीने आणलेल्या कार्बनपैकी बराचसा समुद्र हवेला परत देतो, म्हणून बाणांचा फरक २ च्या आसपास दिसतो आणि माणसामुळे वाढलेलं सिंक मात्र २.५ लिहितात. आकृतीत नदीचा बाण विसरलीस तर हा हिशोब कधीच लागत नाही, म्हणून तो बारीक असला तरी काढायचाच.

लाल पेनाचा हिशोब आकृतीखाली एका ओळीत लिहायचा:

```
९.४ (इंधन व सिमेंट) + १.६ (जमीनवापर बदल) = ११.०
११.० − २.५ (समुद्र) − ३.४ (जमीन) = ५.१ (हवेत उरले)
```

हे ५.१ भागिले २.१२ केलं की वर्षाला २.४ पीपीएम येतात, आणि त्या दशकात मौना लोआच्या वेधशाळेत साधारण तेवढीच वाढ मोजली गेली. हा ताळा आहे, ताळा जुळला की आकृती बरोबर. ५.१ भागिले ११ म्हणजे ४६ टक्के, याला एअरबोर्न फ्रॅक्शन म्हणतात, दोन मार्कांना येतं. यात एक सापळा आहे तो बघून ठेव: जमीन दोनदा येते. जंगलतोडीने १.६ सोडले आणि उरलेल्या जंगलांनी-जमिनीने ३.४ घेतले, म्हणजे जमिनीची निव्वळ कमाई १.८ च. पेपरात "जमिनीचं निव्वळ सिंक" विचारलं तर १.८, "जमिनीचं सिंक" विचारलं तर ३.४, प्रश्न दोनदा वाच. आणि या सगळ्यात हवेतली वाढ हा आकडा सगळ्यात पक्का आहे कारण ती थेट मोजतात, जमीनवापराचा आकड्याच्या मानाने सगळ्यात कच्चा, त्याच्यावर ±०.७ आहे. एरर लिहिलीस तर चांगलंच दिसेल, पण सगळ्यांवर लिहायच्या फंदात पडू नकोस, या एकावर पुरे.

आता रेसिडेन्स टाइम. सूत्र सोपं, साठा भागिले बाहेर जाणारा प्रवाह. हवेतून बाहेर जाणारे १४२ आणि ८० मिळून २२२, ८७० भागिले २२२ म्हणजे ३.९, चार वर्षं धर. इथपर्यंत सगळ्यांना येतं. पुढचा प्रश्न असतो, मग आज सगळं इंधन बंद केलं तर चार-पाच वर्षांत हवा पूर्वीसारखी होईल का, आणि बरीच मुलं बिनधास्त हो लिहितात. नाही होणार. चार वर्षं हा एका रेणूचा हवेत राहायचा सरासरी वेळ आहे, तो रेणू झाडात गेला तर त्याच वेळी कुजणाऱ्या पानातून दुसरा वर आलेला असतो. पाकिटातल्या नोटा दिवसभर सुट्ट्या करत राहिलं म्हणून पाकिटातली रक्कम कमी होत नाही, तसंच. रक्कम कमी व्हायला लागणारा वेळ वेगळा, त्याला ॲडजस्टमेंट टाइम म्हणतात, आणि तो निव्वळ प्रवाहावर ठरतो, एकूण प्रवाहावर नाही.

याला खरा पुरावा आहे आणि तो उत्तरात घातलास तर उत्तर एकदम उठून दिसतं. १९५० आणि ६० च्या दशकात हवेत अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या, त्याने हवेतला कार्बन-१४ उत्तर गोलार्धात जवळपास दुप्पट झाला. १९६३ च्या करारानंतर बड्या देशांच्या हवेतल्या चाचण्या बऱ्याचशा थांबल्या आणि तो जादा कार्बन-१४ झपाट्याने खाली यायला लागला, पुढच्या दहा-पंधरा वर्षांत निम्म्याच्याही खाली. त्याच काळात हवेतला एकूण कार्बन डायऑक्साइड काय करत होता बघ: मौना लोआला १९६३ मध्ये ३१९ पीपीएम, १९७५ मध्ये ३३१. म्हणजे खुणेचे रेणू झाडात-समुद्रात निघून गेले, पण एकूण रक्कम वाढतच राहिली. रेसिडेन्स आणि ॲडजस्टमेंट या दोन वेळा वेगळ्या आहेत हे यापेक्षा स्वच्छ कुठे दिसत नाही. शीटवर हवेच्या डब्याशेजारी दोन ओळी लिही: "रेणू: ४ वर्षं" आणि "जादा साठा: शेकडो ते हजारो वर्षं". जादा कार्बनचा १५ ते ४० टक्के भाग हजार वर्षांनंतरही हवेत राहतो असं पाचव्या आयपीसीसी अहवालात आहे, किती राहील ते एकूण किती सोडला यावर ठरतं.

आणि हेच सूत्र झाडांना डोळे झाकून लावू नकोस. ४५० भागिले १४२ केलं तर तीन वर्षं येतात, मग वडाचं झाड तीन वर्षांत मरतं का? नाही ना. एकतर निम्मा कार्बन झाडाच्या शरीरात मुरतच नाही, लगेच श्वसनात जातो, आणि दुसरं म्हणजे डबा एक असला तरी आत पानं, बारीक मुळं, खोडं असं सगळं मिसळलेलं आहे, कुणी काही महिने टिकतं तर कुणी शंभर वर्षं. सरासरीचं सूत्र डबा आत एकजीव आहे असं धरतं, आणि हवेला ते चालतं कारण ती वर्ष-दीड वर्षात ढवळली जाते.

आता समुद्र, माझा आवडता भाग, थोडं थांबून लिहिते. मुलं विचारतात, समुद्रात तर ३७,९०० आहेत, हवेत फक्त ८७०, मग समुद्र सगळंच का नाही पिऊन टाकत? उत्तर वरच्या थरात आहे. पाण्यात विरघळलेला कार्बन तीन रूपांत असतो, साधारण ९० टक्के बायकार्बोनेट, ९-१० टक्के कार्बोनेट आणि फक्त एक टक्क्याच्या आसपास मोकळा कार्बन डायऑक्साइड. हवेशी देवाणघेवाण या शेवटच्या एक टक्क्यामार्फतच होते. नवा कार्बन डायऑक्साइड आला की असं होतं:

```
CO2 + H2O + CO3^2-  →  2 HCO3^-
```

म्हणजे प्रत्येक वेळी एक कार्बोनेट खर्ची पडतं, आणि कार्बोनेट मुळात थोडंच आहे. ते जसं कमी होतं तशी समुद्राची घ्यायची ताकद कमी होते. हे मोजतो तो रेव्हेल फॅक्टर, सरासरी १० च्या आसपास, गरम समुद्रात थोडा कमी, ध्रुवांकडे जास्त. त्याचा अर्थ: हवेतला कार्बन १० टक्के वाढला तर वरच्या समुद्रातला फक्त १ टक्का वाढतो. आता आपले आकडे घाल. हवेचे १० टक्के म्हणजे ८७, वरच्या समुद्राचा १ टक्का म्हणजे ९. हवेत ८७ वाढल्यावर वरच्या थराने घेतले जेमतेम ९ आणि तो तृप्त. पुढे जागा होते ती पाणी खोल जाईल तेव्हाच, आणि खोल समुद्र ढवळायला शेकडो ते हजार वर्षं लागतात. आकृतीत वरचा आणि खोल असे दोन डबे वेगळे का काढायचे याचं कारण हेच, एकच "समुद्र" डबा काढलास तर हा सगळा मुद्दा गिळला जातो.

समुद्रातला दुसरा सापळा शिंपल्यांचा. "शंख-शिंपले, प्रवाळ कार्बन डायऑक्साइड शोषून कवच बनवतात म्हणून ते सिंक" असं सर्रास लिहिलेलं असतं. समीकरण लिही म्हणजे चूक दिसते:

```
Ca^2+ + 2 HCO3^-  →  CaCO3 + CO2 + H2O
```

कवच बनताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कार्बन कवचात अडकतो हे खरं, पण त्या पाण्यातला मोकळा वायू वाढतो आणि तो हवेकडे जाऊ बघतो. म्हणून बायोलॉजिकल पंपाचा बाण खाली काढ, म्हणजे प्लँक्टनचं मेलेलं शरीर खोल बुडतं तो, आणि कवचांच्या पंपासाठी वरच्या थरातून हवेकडे उलटा बाण.

बाणाची दिशा कशावर ठरते ते समजायला आपल्या दारचंच उदाहरण घे, अरबी समुद्र. जूनपासून नैर्ऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगतचं वरचं पाणी दूर ढकलतात आणि खालचं थंड पाणी वर येतं, भारताच्या पश्चिम किनाऱ्यालाही थोडं तसंच होतं. त्या पाण्याबरोबर पोषकद्रव्यं येतात, प्लँक्टन धो धो वाढतं, आणि त्यामुळे वाटतं की हा समुद्र जबरदस्त सिंक असणार. पण खालून आलेल्या पाण्यात कुजलेल्या सगळ्या गोष्टींचा कार्बन डायऑक्साइडही साठलेला असतो, वर येऊन ते पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात वायू कमी मावतो. १९९० च्या दशकात जेजीओएफएस नावाच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात गोव्याच्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी जहाजावरून मोजलं तेव्हा दिसलं की अरबी समुद्र एकूणात हवेला कार्बन डायऑक्साइड देतो. सूत्र असं:

```
F = k × K0 × (pCO2 समुद्र − pCO2 हवा)
```

K0 म्हणजे विद्राव्यता, k वाऱ्यावर ठरतो आणि साधारण वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. कंसातला फरक धन आला की बाण वर, ऋण आला की खाली. मान्सूनमध्ये फरकही धन आणि वाराही जोराचा, दोन्ही एकत्र आल्याने बाण जाड होतो. म्हणून जगाच्या आकृतीत समुद्राचा निव्वळ बाण खाली असला तरी "सगळे समुद्र सिंक आहेत" असं वाक्य लिहू नकोस.

खडकांचं थोडक्यात. ज्वालामुखी वर्षाला ०.१ च्या आसपास देतात, इंधनाचे ९.४ त्याच्या नव्वदपटीहून जास्त, "ज्वालामुखी जास्त सोडतात" या विधानाला एवढं उत्तर पुरतं. झिजेत फरक करायचा तो सिलिकेट आणि चुनखडीचा. चुनखडी झिजताना हवेतून एक कार्बन डायऑक्साइड घेते आणि समुद्रात पुन्हा चुनखडी बनताना तो एक परत जातो, शेवटी शून्य. सिलिकेट झिजताना दोन घेतो आणि एकच परत येतो, एक कायमचा खडकात:

```
CaSiO3 + 2 CO2 + H2O → Ca^2+ + 2 HCO3^- + SiO2
Ca^2+ + 2 HCO3^- → CaCO3 + CO2 + H2O
निव्वळ: CaSiO3 + CO2 → CaCO3 + SiO2
```

सिलिकेटमध्ये बेसॉल्ट ग्रॅनाइटपेक्षा बराच लवकर झिजतो, आणि सह्याद्रीचा आपला सगळा काळा दगड तोच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्ह्याचा. उष्ण हवा, मुसळधार पाऊस आणि बेसॉल्ट एकत्र असल्यामुळे दख्खनचं पठार झिजेच्या अभ्यासात जगभर उदाहरण म्हणून घेतात, परीक्षेत भारतीय उदाहरण मागितलं तर हे लिही. पण ही झीज काम करते लाखो वर्षांच्या मापाने, म्हणून तिचा बाण तुटक रेषेने काढ आणि लाल पेनाच्या दहा वर्षांच्या हिशोबात तिला मिसळू नकोस.

पेपरात आधी तीन मोठे डबे आणि जोडीचे बाण काढून घे, मग लाल बाण, लगेच खाली ताळ्याची ओळ, आणि वेळ उरला तरच पर्माफ्रॉस्ट, नदी, खडक अशी भर घाल. नदीचा बाण गडबडीत राहिला तर मात्र "१४२ वजा १३७" चं स्पष्टीकरण देऊ नकोस, कारण आकृतीत नसलेल्या बाणावर लिहिलेलं वाक्य तपासणारा आधी आकृतीतच शोधतो.